चालत्या फोटोतला घेर

चालत्या माणसाच्या फोटोवर संगणकात शिवलेला कपडा चढवताना मापे जुळवणे तुलनेने सोपे असते. अवघड असतो तो कपड्याचा आकार, कारण शटर उघडले त्या क्षणी घेर जसा दिसतो, तसा तो आधीच्या एकदोन पावलांत झालेला असतो. ती पावले फोटोत नसतात. ती रचावी लागतात.

समजा, अंगाबरोबरच्या कपड्यांत चालणाऱ्या स्त्रीचा बाजूने फोटो काढला आहे. तिचा उजवा पाय आणि डावा हात पुढे आहे. तिला बाजूला कट असलेला, सैल बाह्यांचा लांब कुर्ता घालायचा आहे. ‘क्लो’ किंवा ‘मार्व्हलस डिझायनर’सारख्या प्रणालीत आधी तिच्या मापाची त्रिमितीय आकृती फोटोतल्याच कोनातून उभी करतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आकृतीला थेट फोटोतल्या स्थितीत नेऊन कापड स्थिरावू देणे. मग घेर सरळ खाली लोंबतो आणि बाई पाय पुढे टाकून थांबल्यासारखी दिसते.

म्हणून आकृतीला दोनतीन पावले चालवत त्या स्थितीपर्यंत आणतात. ती जागच्या जागी न चालता खरोखर पुढे सरकली पाहिजे, तरच कापडाला हवेचा अडथळा जाणवतो. हवी ती चौकट आली, की कापड निवायच्या आत गणन थांबवतात. आता कुर्त्याचा पुढचा भाग उजव्या मांडीला चिकटतो, कमरेपासून गुडघ्याकडे तिरक्या चुण्या पडतात, कट उघडतो आणि मागचा भाग किंचित मागे रेंगाळतो. जाड सुती कापडात हे थोडक्यात आटोपते; जॉर्जेट हलके असल्याने जास्त उचलले जाते.

बाहीचा हिशेब वेगळा आहे. हात पुढे जाऊ लागतो तेव्हा बाहीचे टोक मागे राहते. हात पुढच्या टोकाला पोचून थांबतो, तेव्हा मात्र ते वेगाच्या भरात पुढे झुकते. या क्षणी बाही मागे उडालेली दाखवली, तर वारा सुटल्यासारखा वाटतो. धावताना दोन्ही पाय हवेत असताना घेर वर उचललेला दिसतो, पाऊल टेकल्यावर तो खाली झटका घेतो.

शेवटी अस्पष्टपणा जुळवावा लागतो. सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालणारी व्यक्ती १/१२५ सेकंदात सुमारे ११ मिलिमीटर सरकते. पुढे येणारे पाऊल त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे बूट पुसट आणि कुर्त्याची कड धारदार असेल, तर जोड लगेच कळतो. छायाचित्रकाराने कॅमेरा व्यक्तीबरोबर फिरवला असेल, तर धड स्पष्ट राहून पार्श्वभूमी पुसट होते. तेव्हा घेराला धडाच्या तुलनेत होणाऱ्या हालचालीपुरतेच पुसट करतात.

एका फोटोवरून वेग नेमका सांगता येत नाही. पावलातले अंतर, वेणीचा झोक आणि हाताचा पुसटपणा यांवरून तो ताडावा लागतो, आणि तो चुकला की घेराचा उठावही चुकतो.