बफरचे सूत्र कुठवर चालते?

व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लात त्याचाच क्षार, सोडियम ॲसिटेट, मिसळला की बफर तयार होतो. त्यात थोडे आम्ल किंवा आम्लारी पडले तरी सामू, म्हणजे पीएच, फारसा हलत नाही. हा सामू काढायचे हेंडरसन-हॅसलबाल्क सूत्र असे:

pH = pKa + log(B/A)

A म्हणजे आपण घातलेल्या आम्लाची संहती, B म्हणजे ॲसिटेटची. ॲसेटिक आम्लाचा pKa ४.७६ आहे. दोन्ही ०.१ मोलर असतील तर उत्तर ४.७६ येते आणि ते कामापुरते बरोबर असते.

आता आम्ल ०.१ मोलरच ठेवून ॲसिटेट फक्त ०.०००१ मोलर घेऊ. सूत्र सांगते, सामू १.७६. पण नुसत्या ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा सामू २.८८ असतो. ॲसिटेट घातल्यावर तो वाढायला हवा, इथे तर घटला!

चूक सूत्राच्या गृहीतकात आहे. जेवढे आम्ल आणि ॲसिटेट घातले तेवढेच द्रावणात राहते, असे ते धरून चालते. प्रत्यक्षात आम्लाचे काही रेणू फुटतात आणि प्रत्येक हायड्रोजन आयनासोबत एक नवा ॲसिटेट आयन जन्मतो. इथे घातलेले ॲसिटेट इतके कमी आहे की आम्लातून सुटलेलेच त्याच्या कित्येक पट भरते.

म्हणून हायड्रोजन आयनांची संहती x धरून ती आम्लातून वजा करायची, ॲसिटेटमध्ये मिळवायची. मग हे वर्गसमीकरण मिळते:

x² + (B + Ka)x − Ka·A = 0

Ka = ०.००००१७५ घेतला की x सुमारे ०.००१२७ आणि सामू २.९० येतो. नुसत्या आम्लापेक्षा किंचित जास्त, म्हणजे अपेक्षेप्रमाणे.

बफर फार विरल असेल तरी हाच दोष डोके वर काढतो. दोन्ही घटक ०.०००१ मोलर असतील तर सूत्र ४.७६ वरच अडून बसते. खरे उत्तर ४.८७. इथे सूत्रातून आलेला x वजा-अधिक करून पुन्हा सूत्रात घातला, तरी तीन-चार फेऱ्यांत उत्तर स्थिरावते. आधीच्या उदाहरणात मात्र अशा फेऱ्यांत आकडे वरखाली उड्या मारतात. तिथे वर्गसमीकरणच सोडवावे.

दुरुस्ती हवी की नको, हे ओळखणे सोपे आहे. सूत्राने दिलेल्या सामूवरून x काढा. तो A आणि B यांतल्या लहान आकड्याच्या पाच टक्क्यांहून जास्त निघाला, तर सूत्रावर विसंबू नका. आम्लारीधर्मी बफरमध्ये हीच तपासणी हायड्रॉक्साइड आयनांसाठी करावी.

एवढे करूनही फक्त अंदाज सुधारतो. इतक्या विरल बफरचा सामू हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनही सरकू शकतो. सामू टिकवायचा असेल तर संहती वाढवणे आणि दोन घटकांचे प्रमाण एकास दहाच्या आत ठेवणे, हाच उपाय.