चेक परत आला, आता तारखा सांभाळा

बिल १,१८,००० रुपयांचं, चेकही तेवढ्याचाच. ३ जूनला बँकेनं तो ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा मेमो जोडून परत केला. गिऱ्हाईक म्हणतं, “पुढच्या आठवड्यात टाका.” टाका हवं तर, पण चेकची तीन महिन्यांची मुदत बघून.

मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १३८ची लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. मागणी चेकच्या रकमेचीच, नेमकी. आकडा चुकला तर खटला तिथंच कोसळतो. व्याज, वकिलाची फी वेगळी दाखवा. नोटीस १२ जूनला पोचली, तर २७ जूनपर्यंत त्याला पैसे भरायला वेळ. नाही भरले, तर पुढच्या महिनाभरात तुमच्या बँक शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात तक्रार. मूळ चेक, मेमो, बिल, माल पोचल्याची सही आणि पोस्टाची पोच एकाच फाइलीत ठेवा.