चार दिवे, तरी फोन उपाशी

हर्सूलच्या घरात उन्हाळाभर खिडकीत राहिलेली माझी पॉवर बँक चारही दिवे दाखवते, पण फोन जोडताच बंद पडते. दिवे सेलचा नुसता व्होल्टेज सांगतात, ताकद नाही. उष्णतेने म्हातारा झालेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. तो 0.3 ओहम धरा. फोन 10 वॅट मागतो तेव्हा सेलमधून सुमारे 3 अँपिअर निघतात, म्हणजे 0.9 व्होल्ट आतच खर्ची पडतात. 3.8 चे 2.9 होतात आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. भार सुटला की व्होल्टेज पुन्हा चढतो, दिवे पुन्हा लागतात.

न वापरताच आठवड्यात दिवे उतरले, तर बहुधा सेलमध्येच गळती आहे. समांतर जोडणीत खराब सेल चांगल्यालाही रिकामा करतो. पॉवर बँक फुगली असेल, तर कृपा करून पुन्हा चार्जिंगला लावू नका.