फुकटच्या खेळातली नाणी जातात कुठे?

मोबाइलवरचा कुठलाही फुकटचा खेळ उघडा. वरच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक नाण्यांचा आणि एक हिऱ्यांचा. हिरे खेळता खेळता चिमूटभर मिळतात, जास्त हवे असतील तर खिशात हात घालावा लागतो. नाणी मात्र नुसतं खेळूनच मिळत राहतात. खेळ बनवणारे या नाण्यांना ‘सॉफ्ट करन्सी’ म्हणतात. ती पाडायला कंपनीला छदामही लागत नाही, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

नाणी खेळाडूकडे येण्याच्या वाटांना या धंद्यात ‘सोर्स’ म्हणतात आणि त्याच्याकडून कायमची नाहीशी होण्याच्या वाटांना ‘सिंक’. थोडक्यात, हौदाचा नळ आणि हौदाची मोरी. नळ मोठा झाला तर नाण्यांना किंमत उरत नाही आणि पुढची पायरी गाठण्यातली मजा जाते. मोरी मोठी झाली तर खेळाडू कंटाळून खेळच काढून टाकतो. हिऱ्यांची विक्रीही याच समतोलावर चालते, कारण नाण्यांची तंगी असेल तेव्हाच कुणी हिरे मोडून नाणी घेतो.

फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ 2012 मध्ये आला. आपल्याकडेही एक पिढी त्यावर गावं वसवत मोठी झाली. त्यात सोनं आणि एलिक्सर ही मुख्य सॉफ्ट चलनं आहेत. खाणीतून सोनं निघतं, कलेक्टरमध्ये एलिक्सर साठतं, म्हणजे हे सरळ सोर्स. पण दुसऱ्याच्या गावावर हल्ला करून मिळवलेली लूट? ती सोर्स वाटते, पण नाही. तुमच्या कोठारात आलेलं सोनं समोरच्याच्या कोठारातून गेलेलं असतं. सगळे खेळाडू मिळून पाहिलं तर एक कणही वाढलेला नसतो. जिंकल्यावर वरून मिळणारा लीगचा बोनस मात्र नवा पाडलेला असतो, तो खरा सोर्स. नवख्या डिझायनरांचा हिशेब इथेच चुकतो. ऑनलाइन पत्त्यांच्या एखाद्या खेळात दोघांनी शंभर-शंभर नाणी लावली आणि जिंकणाऱ्याला दोनशे मिळाली, तर कागदावर ‘खर्च’ दिसतो, पण मोरीतून काहीच वाहिलेलं नसतं.

आता सिंक. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये तोफा, बुरूज सोन्याने सुधारायचे, आणि सैन्याशी संबंधित बरंचसं एलिक्सरने. पण प्रत्येक बांधकामाला एक बिल्डर लागतो, आणि वरच्या पातळीवर तो कित्येक दिवस अडकून पडतो. बिल्डर मोजकेच. सगळे कामात असले की कोठार भरलेलं असूनही खर्च करता येत नाही. यावर उतारा म्हणजे भिंती. नवव्या टाउन हॉलला भिंतीचे 250 तुकडे असतात, अकराव्याला 300, आणि प्रत्येक तुकडा वेगळा सुधारायचा. त्याला एक रिकामा बिल्डर हवा, पण वेळ शून्य लागतो. म्हणजे कितीही सोनं असो, भिंत ते क्षणात गिळते. शिवाय कोठाराला मर्यादा आहे, आणि खर्च न केलेलं सोनं कुणीतरी लुटून नेईल ही धास्तीही. मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात हुशार वस्तू तोफ नाही, भिंतच.

सुरुवातीला मात्र ही भिंत फक्त सोनं खायची. वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंचं एलिक्सरवर चालणारं काम संपत यायचं आणि कोठारं एलिक्सरने तुडुंब भरायची. एका चलनाचा दुष्काळ, दुसऱ्याचा पूर. कंपनीने मग वरच्या पातळीच्या भिंतींना एलिक्सरही चालेल असं केलं. नळ तिने बंद केला नाही, मोरी रुंद केली, आणि ते शहाणपणाचंच होतं, कारण मिळणारं कमी केलं की लोक चिडतात, पण खर्चाची नवी वाट दिली की खूश होतात. पुढे 2022 मध्ये सैन्य तयार करण्याचा एलिक्सरचा खर्चच काढून टाकला गेला. इतका जुना, रोजचा सिंक बुजवणं भिंतीसारखी दुसरी मोठी वाट उघडी असेल तरच परवडतं.

हे आकड्यांत बसवायचं कसं, ते एका काल्पनिक खेळावरून पाहू. समजा, रोज खेळणारा माणूस दिवसाला 1,200 नाणी कमावतो. पहिली सुधारणा 100 नाण्यांची आणि पुढची प्रत्येक आधीच्या 1.8 पट. पहिल्या दिवशी चार पायऱ्या सहज पार होतात. दहावी पायरी मात्र जवळपास 19,800 नाण्यांची, म्हणजे साडेसोळा दिवसांच्या कमाईची. डिझायनरने नाणी मोजायची नसतात, हे ‘किती दिवसांची कमाई’ मोजायचं असतं. साडेसोळा दिवस एका पायरीसाठी कुणी थांबणार नाही असं वाटलं, तर पातळीबरोबर कमाईही थोडी वाढवत न्यायची. पण किमतीच्या वेगाने नाही, नाहीतर थांबणं उरतच नाही.

आता कुणीतरी दिवाळीनिमित्त सगळ्यांना 10,000 नाणी वाटतं. दहाव्या पायरीवरच्या माणसाला ही भेट म्हणजे अर्ध्या सुधारणेचे पैसे. नवख्याला मात्र पहिल्या सातही पायऱ्या एका दुपारी चढता येतात, कारण त्या सातांची बेरीज साडेसात हजारांच्या आसपास आहे. जो पहिला आठवडा त्याला हळूहळू गोडी लावणार होता, तोच संपला. म्हणून अशी भेट सरसकट न देता ज्याच्या-त्याच्या पायरीप्रमाणे द्यावी लागते.

बिघाड ओळखायचा कसा? एकूण नाण्यांचा आकडा पाहून काही कळत नाही. प्रत्येक पायरीवरच्या खेळाडूंना वेगळं काढायचं आणि मधल्या खेळाडूकडे किती दिवसांच्या कमाईइतकी शिल्लक आहे ते पाहायचं. सरासरी घेऊ नये, चार-दोन साठेबाज ती वर ओढतात. मग आठवड्यात आलेली नाणी आणि गेलेली नाणी यांचं प्रमाण. शंभर आली आणि साठच गेली, तेही आठवड्यामागून आठवडा, तर त्या पायरीवर विकत घेण्याजोगं काही उरलेलं नाही. याउलट शिल्लक शून्याशी खिळली असेल आणि नेमक्या त्याच पायरीवर लोक खेळ सोडत असतील, तर मोरी फार मोठी झाली आहे.

सगळ्यात अवघड दुखणं जुन्या खेळाडूंच्या साठ्याचं. त्यांच्याकडे लाखो नाणी पडून असतात. नवी वस्तू आणायची तर तिची किंमत त्यांच्या साठ्याकडे बघून ठेवावी, की कालपरवा आलेल्याकडे बघून? पहिलं केलं तर नवखा कधीच पोचत नाही, दुसरं केलं तर जुना पाच मिनिटांत सगळं घेऊन मोकळा होतो. दिखाऊ वस्तू हा त्यातला बरा मार्ग. सोन्याचा पुतळा, गावाची नवी सजावट, अशा गोष्टींची किंमत अवाच्या सवा ठेवली तरी चालते, कारण त्यांच्यावाचून कुणी हरत नाही.

तुम्ही किंवा तुमची मुलं असा खेळ खेळत असाल, तर एक तपासून पाहा. नाण्यांची पहिली जोरदार तंगी ज्या पातळीवर येते, तिथेच ‘फक्त आजच’ अशी हिऱ्यांची स्वस्त ऑफर झळकते का? झळकत असेल, तर ती तंगी योगायोगाने आलेली नाही. दोन दिवस थांबा आणि नुसतं खेळा, बहुतेक खेळांत ती नाणी फुकटच जमतात.