सोलापूरपाशी संपलेला महाराष्ट्र

आकड्यांची झडती : भाग ९

‘२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या एकाही जिल्ह्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त नव्हती.’ हे विधान धडधडीत चुकीचं आहे. तरीही ते करणारा माणूस तुमच्यासमोर तक्ता ठेवून ते सिद्ध करून दाखवू शकेल. त्यासाठी तक्ता फक्त सोलापूरपाशी तुटलेला हवा.

जनगणनेच्या यादीत जिल्हे अकारविल्हे नसतात, कोडप्रमाणे असतात. यादी ४९७ क्रमांकाच्या नंदुरबारपासून सुरू होते आणि ५३१ क्रमांकाच्या सांगलीपाशी संपते. सोलापूर आहे ५२६. त्याच्यानंतर सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि सांगली येतात. या पाचांत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. सगळ्या राज्यात हजाराच्या वर गेलेले जिल्हे हे दोनच. कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला चाकरीला जातो, घर बाई सांभाळते, ही गोष्ट सांगणारे दोन्ही आकडे नेमके यादीच्या शेपटाला आहेत. शेपूट तुटलं की ती गोष्टच गेली.

तुटलेल्या तक्त्याचा खरा धोका हाच. ३५ पैकी ३० जिल्हे आहेत, म्हणजे चित्र साधारण बरोबर येईल, असं वाटतं. पण गळालेले पाच चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. यादी ज्या क्रमाने लावली असेल त्या क्रमाने शेवटचे जातात. कोडप्रमाणे लावली असेल तर नकाशाचा एक अख्खा कोपरा जातो. लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावली असेल तर गडचिरोली, सिंधुदुर्गासारखे लहान जिल्हे जातात. तारखेप्रमाणे असेल तर सगळ्यांत ताज्या नोंदी जातात.

आता एक तक्ता हातात घेऊ. समजा, कुणीतरी जिल्हावार लोकसंख्या ई-मेलमध्ये पेस्ट करून पाठवली आणि तुम्ही ती उचलून एक्सेलमध्ये टाकली. पहिल्या रकान्यात कोड, दुसऱ्यात जिल्हा, तिसऱ्यात लोकसंख्या. वरून सगळं छान दिसतं. शेवटच्या दोन ओळी अशा आहेत :

```
525   उस्मानाबाद   1657576
526   सोलापूर      43177
```

तक्ता तुटला असेल तर पुरावा शेवटच्या ओळीत असतो, म्हणून पाहायला तिथूनच सुरुवात करावी. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ हजार? राज्यातला सगळ्यांत कमी लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्ग, आणि तिथेही साडेआठ लाख माणसं आहेत. म्हणजे तक्ता केवळ ओळीनंतर थांबलेला नाही, आकड्याच्या मध्येच थांबला आहे. पण हे आपलं नशीब म्हणायचं. आणखी एक अंक आला असता तर आकडा ४,३१,७७५ झाला असता, आणि घाईत पाहणाऱ्याला तो खपूनही गेला असता. एक्सेलने तर हूं की चूं केलं नसतं, कारण त्याच्या लेखी ४३१७७ हा धडधाकट आकडा आहे. आणि पेस्ट नेमकी ओळ पूर्ण झाल्यावर तुटली असती, तर नजरेला काहीच खटकलं नसतं.

म्हणून नजरेवर थांबायचं नाही, मोजायचं. तीन सूत्रं पुरतात :

```
=COUNTA(A2:A100)
=MAX(A2:A100)-MIN(A2:A100)+1
=SUM(C2:C100)
```

पहिलं सूत्र भरलेल्या ओळी मोजतं. उत्तर येतं ३०. दुसरं सांगतं की सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कोडच्या दरम्यान किती ओळी असायला हव्यात. ५२६ उणे ४९७ अधिक १, म्हणजे तेही ३०. दोन्ही जुळले, आणि इथेच बरेच जण निर्धास्त होतात. या जुळण्याचा अर्थ एवढाच की मधली एकही ओळ गळालेली नाही. शेपटाबद्दल हे सूत्र काहीच सांगू शकत नाही, कारण तुटलेल्या तक्त्याला आपला शेवटचा कोड ५३१ होता हे ठाऊक नसतं. ते बाहेरून आणावं लागतं : जनगणनेच्या वेळी जिल्हे ३५ होते, शेवटचा कोड ५३१.

बाहेरून आणलेला आकडाही त्या वर्षाचाच हवा. आज राज्यात ३६ जिल्हे आहेत, पण छत्तिसावा पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आजची यादी शेजारी ठेवून तपासलं तर पालघर ‘गहाळ’ निघेल, आणि जे कधी नव्हतंच ते शोधण्यात दुपार जाईल. नावांचंही तेच. तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असणार आणि आजच्या यादीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. नावावरून जुळवलं तर हे तिन्ही जिल्हे हरवल्यासारखे दिसतील. म्हणून जुळवणी कोडवर करावी. बाजूच्या F रकान्यात F2 पासून खाली ४९७ ते ५३१ हे सगळे कोड ओळीने लिहा आणि त्यांच्यापुढे हे सूत्र खाली ओढा :

```
=COUNTIF(A:A,F2)
```

ज्याच्यासमोर ० येईल तो कोड तक्त्यात नाही. इथे ५२७ ते ५३१ समोर शून्य येतं. एखाद्यासमोर २ आलं, तर ओळ दोनदा पेस्ट झाली आहे. एक ओळ गळून दुसरी दोनदा आली की नुसती ओळींची संख्या बरोबर भरते, म्हणून मोजणीवर विसंबून हे सूत्र टाळू नये.

गळालेले जिल्हे कळले. उरलेल्या तीस ओळी मात्र शाबूत आहेत का, हे बेरीज सांगते. तिसऱ्या सूत्राचं उत्तर येतं ९,५९,३३,१४९. जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. तूट १,६४,४१,१८४. आता गळालेल्या पाच जिल्ह्यांचे आकडे मूळ ठिकाणाहून आणा : सातारा ३०,०३,७४१, रत्नागिरी १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,४९,६५१, कोल्हापूर ३८,७६,००१, सांगली २८,२२,१४३. पाचांची बेरीज १,२१,६६,६०५. एवढे घातल्यावरही ४२,७४,५७९ कमी पडतातच. याचा अर्थ, जी ओळ ‘आहे’ म्हणून आपण मोजली, तिच्यातच आणखी एक खड्डा आहे. आपला संशय सोलापूरवर होता. तिथल्या ४३,१७७ मध्ये ही उरलेली तूट मिळवा. उत्तर ४३,१७,७५६. पहिले पाच अंक पाहा : ४, ३, १, ७, ७. तक्त्यात होते तेच. म्हणजे आकडा कुणी चुकीचा टंकलेला नव्हता, तो कापला गेला होता आणि ७५६ हे शेवटचे तीन अंक मागे राहिले होते. हिशेब एका माणसाचाही फरक न राहता बसला.

इतका चोख बसला नाही तर? तर लगेच तक्त्याला दोष देऊ नये. २०११च्या जनगणनेचे आधी हंगामी आकडे आले होते आणि त्यांत राज्याची लोकसंख्या ११,२३,७२,९७२ होती. ही बेरीज ताळ्यासाठी घेतली तर १,३६१ चा फरक उरेल. एवढ्या लोकवस्तीचा जिल्हा नसतो आणि कापलेला आकडाही इतकी कमी तूट सहसा दाखवत नाही. असा बारीक फरक दिसला की दोन वेगळ्या आवृत्त्यांची सरमिसळ झाली आहे असं समजावं.

दुसरा फसवा प्रकार याच्या उलट : ओळ दिसते, आकडा दिसतो, पण बेरजेत येत नाही. देवनागरी अंकांत पेस्ट केलेला आकडा एक्सेल बहुतेकदा अक्षरं म्हणूनच ठेवतं आणि `SUM` अशा सेलकडे पाहतही नाही. C रकान्यावर `=COUNT(C2:C100)` आणि `=COUNTA(C2:C100)` दोन्ही चालवा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेला प्रत्येक सेल. दोघांत फरक आला, तर तेवढे आकडे अक्षरं होऊन बसले आहेत.

आणि ताळ्याची बेरीज कुठून आली हे विचारल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. तक्त्याखालची ‘एकूण’ ही ओळ मूळ छापील तक्त्यातली असेल तर ती सोन्यासारखी. पण पेस्ट केल्यानंतर कुणी हौसेने खाली `SUM` लावून ठेवला असेल, तर तो तुटलेल्या तक्त्याचीच बेरीज करतो आणि कायम जुळतो.

हे सगळं एका ई-मेलपुरतं नाही. २०२०च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी संस्थेकडे येत आणि तिथे एक्सेलच्या जुन्या `.xls` प्रकारच्या फायलींत भरले जात. या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने प्रत्यक्षात एका फायलीत सुमारे १,४०० रुग्णच बसत. साथ वाढली, फायली भरल्या आणि पुढच्या नोंदी बाहेर राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीत आलीच नाही. त्या लोकांना स्वतःचे निकाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे नावं उशिरा पोहोचली. प्रयोगशाळेने पाठवलेल्या ओळी किती आणि फायलीत उतरलेल्या किती, एवढी तुलना रोज झाली असती तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

नव्या `.xlsx` मध्ये मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, आणि एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात. तुमच्या तक्त्याची ओळसंख्या या मर्यादांच्या अगदी काठावर आली, किंवा नेमकी ५०, १००, १००० अशी गोल आली, तर तो योगायोग मानू नका. बरीच पानं एका वेळी ठरावीक ओळीच दाखवतात आणि निवडून उचलताना तेवढ्याच हाती येतात. पीडीएफमधून उचलताना पहिलं पान येतं आणि दुसरं मागे राहतं, हाही नेहमीचाच प्रकार.

मूळ तक्ता मिळालाच नाही, तर तुटलेल्या जागी शून्य भरू नये. शून्य म्हणजे ‘तिथे कुणी नाही’. ती जागा रिकामी ठेवावी, सोलापूरचा अर्धा आकडाही काढून टाकावा आणि तक्त्याच्या माथ्यावर ‘कोड ४९७ ते ५२५, ३५ पैकी २९ जिल्हे’ असं स्पष्ट लिहावं. सरासरी, टक्केवारी, ‘राज्यात सर्वाधिक’ असले शब्द त्या तक्त्याच्या आधारे वापरू नयेत.

आणि तुम्ही स्वतः कुणाला तक्ता पेस्ट करून पाठवत असाल, तर त्याच्या वर एक ओळ जरूर टंका : ‘ओळी ३५, शेवटचा कोड ५३१, एकूण ११,२३,७४,३३३.’ ही ओळ खाली लिहू नका. तक्ता तुटला तर तीही त्याच्याबरोबर जाईल.