दाण्याचं कूट आहे का, हे कुणाला विचारायचं?

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या सहाजणी जिल्ह्याच्या ठिकाणी प्रदर्शनाची जागा बघायला गेलो होतो. सोबत एकीची नऊ वर्षांची लेक होती. या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एक दाणा जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि एकदा तर श्वास लागून तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरी तिची आई सांभाळून घेते, पण हॉटेलात काय करायचं? त्या दिवशी जे झालं ते आज सांगतो.

आपल्याकडे शेंगदाणा लपून बसलेला असतो. चिवड्यात, खिचडीत तो दिसतो तरी. पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, सुक्या लाल चटणीत, बटाट्याच्या सुक्या भाजीत तो कूट होऊन मिसळतो. हॉटेलातल्या दाट रश्श्यात काजू घालतात, आणि काजू महाग म्हणून काही ठिकाणी त्यासोबत दाणेही वाटतात. रस्सा बघून हे कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून विचारणं एवढाच मार्ग आहे.

पण विचारायचं कुणाला आणि कसं, इथे आपण चुकतो. त्या दिवशी मुलीच्या आईने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "दादा, यात कूट नाही ना?" तो म्हणाला, "नाही, नाही." आम्हाला शंका आली, कारण त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. तो मुलगा बाहेरच्या राज्यातला होता, आणि "कूट" हा शब्द त्याला माहीतच नव्हता. शिवाय "नाही ना?" असं विचारलं की समोरचा गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून "नाही" म्हणून टाकतो. मग आमच्यातल्या एकीने पुन्हा विचारलं, "भैया, इसमें मूंगफली डालते हो क्या? साबुत या पीसकर?" आता तो थांबला आणि म्हणाला, "मैं पूछके बताता हूँ." हेच उत्तर आम्हाला हवं होतं. वाढणाऱ्याला पदार्थाचं नाव आणि किंमत ठाऊक असते, आत काय पडतं ते आचाऱ्याला ठाऊक असतं.

म्हणून पहिली दोन वाक्यं लक्षात ठेवा. मराठी समजणारा असेल तर, "या भाजीत शेंगदाणे किंवा त्याचं कूट घालता का? आचाऱ्याला विचारून सांगा." हिंदी बोलणारा असेल तर, "इसमें मूंगफली है क्या? रसोई में पूछकर बताइए." आणि कारणही सांगून टाका: "मुलीला त्रास होतो, दवाखान्यात न्यावं लागतं." नुसतं "नको" म्हटलं तर त्यांना वाटतं आवडीनिवडीचा प्रश्न आहे. कारण कळलं की माणूस जपून वागतो. विचारायला लाज कसली? पैसे देऊन जेवतो आपण.

आचाऱ्याकडून निरोप आला की रस्साभाजीच्या वाटणात दाणे आहेत, कोशिंबिरीतही कूट आहे, पण बटाट्याची सुकी भाजी वेगळी करून देता येईल. मग आम्ही असं मागवलं: सहा थाळ्या, मुलीसाठी दोन पोळ्या आणि कूट न घातलेली बटाट्याची भाजी. थाळी 160 रुपये, पोळी 20 रुपये, भाजी 80 रुपये, हे आधीच विचारून घेतलं. शेवटी त्याला सांगितलं, "आता आम्ही काय मागवलं ते एकदा म्हणून दाखवा." तो "बिना मूंगफली" म्हणायला विसरला होता. तो शब्द आम्ही त्याला चिठ्ठीवर लिहायला लावला. आत आचाऱ्याकडे जाते ती चिठ्ठी.

तरीही चूक झालीच. भाजी आली तेव्हा वरून पांढुरकं भुरभुरलेलं होतं. आईने बोटाने दाबून बघितलं, कूटच. आत गर्दी होती, कुणीतरी सवयीने टाकलं असणार. वाढणारा म्हणाला, "ताई, वरचं काढून देतो." इथे घट्ट राहायचं. कूट चमच्याने काढलं तरी भाजीला लागलेलं राहतं, आणि हा त्रास असलेल्याला तेवढंही पुरतं. तीच भाजी परतून आणली तरी उपयोग नाही, शिजवल्याने दाण्याचा दोष जात नाही. आम्ही म्हणालो, "दादा, ही भाजी आम्हाला चालणार नाही. धुतलेल्या कढईत, वेगळ्या चमच्याने नवीन करून द्या. आम्ही थांबतो." आवाज चढवला नाही, पण ताटलीला हातही लावला नाही. अर्धं खाऊन मग तक्रार केली तर कुणी ऐकत नाही. चुकीचा पदार्थ आला की पहिल्या घासाआधीच बोलवायचं: "भाऊ, हे आम्ही मागवलं नव्हतं, बदलून द्या."

तो मुलगा घुटमळत राहिला, तेव्हा आम्ही गल्ल्यावरच्या मालकांकडे गेलो. त्यांना झालेलं सांगितलं, चिठ्ठी दाखवली. मालक स्वतः आत गेले. पंधरा मिनिटांनी नवी भाजी आली. तोवर पोरगी कोरडी पोळी चावत बसली होती. खरं सांगायचं तर, आचारी म्हणाला असता की "आमच्याकडे सगळं एकाच कढईत होतं, खात्री देता येत नाही", तर तिथे तिला खाऊ घालायचंच नव्हतं. असं सांगणारा आचारी प्रामाणिक समजावा. म्हणून आता तिची आई पिशवीत घरची पोळी आणि गूळ ठेवते.

बिल आलं ते 1,218 रुपयांचं. आम्ही तिथेच जोडून बघितलं. सहा थाळ्यांचे 960, पोळ्यांचे 40, भाजीचे 80, झाले 1,080. त्यावर पाच टक्के जीएसटी 54 रुपये, म्हणजे 1,134. त्यांनी परत पाठवलेली भाजीही धरली होती! आम्ही म्हणालो, "ही भाजी दोनदा लागली आहे. पहिली परत केली होती, ती कमी करा." मालकांनी दुसऱ्याच मिनिटाला नवीन बिल काढून दिलं. खाडाखोड केलेलं बिल घेऊ नका, नवीनच मागा. आणि बिलात "सर्व्हिस चार्ज" असा वेगळा आकडा दिसला, तर तो देणं सक्तीचं नाही. "हा कमी करा" असं म्हणता येतं. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

एवढं सगळं विचारूनही कधी चुकून दाणा पोटात गेलाच, आणि ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर बिलाचा, भांडणाचा विचार सोडा. डॉक्टरांनी सुई दिलेली असेल तर ती आधी द्या, आणि लगेच 108 ला फोन लावा. पोराला चालवू नका. काय खाल्लं ते नक्की सांगता यावं म्हणून ती ताटली तशीच बाजूला ठेवायला सांगा.