नेटवर भरतकाम करताय? पेपर विरघळल्यावर टाके टिकतील का, ते आधी बघा

मस्तगड (जालना) : लग्नसराई आली की ब्लाऊजच्या नेटच्या बाहीवर बुट्टी भरून देण्याची कामं शिलाईवाल्या महिलांकडं येतात. साध्या कापडासारखं नेट मशीनला लावलं तर फुलाभोवती चुण्या पडतात, नाहीतर नेट फाटतं. फाटलेलं नेट रफू करून झाकत नाही, बाहीच नव्यानं कापावी लागते.

असं का होतं? नेटमध्ये कापडापेक्षा भोकंच जास्त. सुई भोकात पडली की टाक्याला धरायला काही नसतं. म्हणून खाली पाण्यात विरघळणारा पेपर लावतात. हा पेपर दोन प्रकारचा मिळतो. एक प्लास्टिकच्या पन्नीसारखा, दुसरा पांढऱ्या पातळ कापडासारखा. नेटखाली कापडासारखा घ्या. पन्नी दाट टाक्यांनी चिरते आणि काम मधेच सुटतं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. पेपर धुतल्यावर निघून जातो. मग टाक्यांना आधार उरतो तो फक्त नेटचा आणि टाक्यांचा एकमेकांना.

समजा, बाहीवर दोन इंचांचं फूल काढायचंय. पेपरचे दोन पदर खाली, वर नेट, असं सगळं एकत्र रिंगमध्ये बसवा. नेट सरळ असावं, पण ताणू नका. ताणलेलं नेट रिंग काढल्यावर आखडतं आणि फूल गोळा होतं. सुई ९ नंबरची, दोरा ६० नंबरचा घ्या. नेहमीचा ४० नंबरचा दोरा जाड असतो, नेटवर तो जड पडतो. नेटमधून मागची बाजू दिसते, म्हणून बॉबीनलाही त्याच रंगाचा दोरा भरा.

आधी फुलाच्या आकारात उभा-आडवा धावदोरा टाकून जाळी करा. पाकळ्या त्या जाळीवरच भरा. आतले टाके विरळ ठेवा, कडेचा भरीव टाका शेवटी घ्या. पाकळी जाळीत अडकली, की पेपर गेला तरी ती सुटत नाही. एका फुलावरून दुसऱ्यावर दोरा ओढत नेऊ नका, तो आरपार दिसतो. प्रत्येक फुलाला गाठटाके घेऊन दोरा जवळून कापा.

मग जास्तीचा पेपर कापा, कोमट पाण्यात भिजवा आणि न पिळता पसरून सुकवा. सुकल्यावर फूल कडक किंवा चिकट लागलं तर पेपर राहिलाय, परत भिजवा. धुण्याआधी वाफेची इस्त्री फिरवू नका, पेपर आक्रसतो.

बाहीला हात लावण्याआधी त्याच नेटच्या तुकड्यावर एक फूल काढून धुऊन बघा. रंग उतरतो का, तेही तिथंच कळतं. सुकल्यावर कडेचे टाके आत सरकले तर जाळी कमी पडली. फूल खाली लोंबलं तर टाके फार दाट झाले. उरलेला पेपर पावसाळ्यात हवाबंद पिशवीत ठेवा, दमट हवेनंही तो चिकटतो.